त्या मंगळवारचा भात कुठे गेला?

प्रश्न पहिला. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांना जेवण पुरवणारं एक मोठं स्वयंपाकघर आहे. अन्नसुरक्षेचं ऑडिट करायला ऑडिटर आला आहे. टेबलावर फायली ओळीने मांडून ठेवल्या आहेत: परवाना, पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, पेस्ट कंट्रोल, साफसफाई, तापमानाच्या नोंदी, प्रशिक्षण. ऑडिटरने आधी काय मागावं?

फूड टेक्नॉलॉजी शिकणारे विद्यार्थी, स्वयंपाकघरांचे सुपरवायझर आणि ऑडिटर होऊ पाहणारे उमेदवार या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या फाइलचं नाव लिहून देतात. मुरलेला ऑडिटर मात्र तारीख मागतो. परवाना दर्शनी भागात लावलेला असावा लागतो, तो आत येतानाच पाहून झालेला असतो. मग मागच्या महिन्यातला एखादा मंगळवार तो आपणच निवडतो आणि सांगतो, त्या दिवशी या स्वयंपाकघरात जे जे घडलं त्याचे सगळे कागद काढा.

हे स्वयंपाकघर आणि तो मंगळवार नमुन्यासाठी रचलेले आहेत, नियम मात्र खरे आहेत. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006चा. परवान्यासंबंधीचे विनियम 2011चे, आणि स्वच्छतेच्या अटी त्यांच्याच शेड्यूल चारमध्ये आहेत. बाहेरच्या, त्रयस्थ संस्थेकडून ऑडिट करून घेण्याचे विनियम 2018 साली आले. ऑडिटरच्या हातात असते ती केंद्रीय प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची चेकलिस्ट. इमारत, प्रत्यक्ष काम, साफसफाई आणि वैयक्तिक स्वच्छता असे भाग संपल्यावर तिचा शेवटचा भाग येतो तो प्रशिक्षण आणि नोंदींचा. काही मुद्द्यांपुढे तारांकन असतं. असा एक मुद्दा जरी चुकला तरी बाकीचे गुण कितीही असोत, ऑडिट नापास.

प्रश्न दुसरा सोपा दिसतो, पण गुण जातात ते इथे. भाताच्या कोल्ड रूमचा कोरा तक्ता, भरलेला तक्ता, भात थंड करण्याची लेखी पद्धत आणि थर्मामीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र: यांपैकी दस्तऐवज कोणते आणि नोंदी कोणत्या?

काय करायचं ठरलं आहे हे सांगणारा कागद म्हणजे दस्तऐवज. काय घडलं हे सांगणारा कागद म्हणजे नोंद. म्हणून कोरा तक्ता आणि लेखी पद्धत दस्तऐवजात जातात, तर भरलेला तक्ता आणि प्रमाणपत्र नोंदींत. फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. दस्तऐवज बदलता येतो, नव्हे, काम बदललं की तो बदलायलाच हवा. त्यावर आवृत्ती क्रमांक आणि मंजुरीची सही असते आणि जुनी प्रत भिंतीवरून काढून टाकायची असते. नोंद बदलता येत नाही. चुकली तर त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख लिहायची, आणि खालचा जुना आकडा वाचता यायला हवा. नोंदीवर व्हाइटनर दिसला की ऑडिटर तिथेच थांबतो.

आता त्या मंगळवाराकडे वळू. प्रश्न तिसरा, सगळ्यांत मोलाचा. दुपारच्या जेवणातला चाळीस किलो शिजलेला भात रात्रपाळीच्या फ्राइड राइससाठी थंड करायला ठेवला. रजिस्टरमधल्या नोंदी अशा: दुपारी दीड वाजता 60 अंश सेल्सियस, साडेतीन वाजता 34, साडेपाच वाजता 12, सात वाजता 5. हा भात रात्री वाढता येईल का?

नियम सांगतो की शिजलेलं अन्न थंड करायचं असेल तर ते 60 अंशांवरून 21 वर दोन तासांत यायला हवं आणि तिथून 5 अंशांवर पुढच्या दोन तासांत. पहिल्याच टप्प्यात भात 34 वर अडकला. पुढे तो 5 पर्यंत पोचला तरी गेलेले तास परत येत नाहीत. उत्तर: वाढता येणार नाही.

बरेच जण इथे पर्याय लिहितात की भात पुन्हा 75 अंशांपर्यंत गरम करून वाढावा. चूक आहे, आणि धोकादायक आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्यातही टिकतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. परतताना जिवाणू मरतील, विष तसंच राहील. पुन्हा गरम करायचं तर 75 अंशांपर्यंत करायचं हा नियम खरा, पण तो नीट थंड केलेल्या अन्नासाठी आहे. बिघडलेलं अन्न त्याने सुधारत नाही.

भात 34 वर का अडकला असेल? चाळीस किलो भात खोल टोपात तसाच ठेवला तर कडेचा थंड होतो आणि मधला तासन्‌तास कोमट राहतो. उथळ ट्रेमध्ये पातळ थर पसरला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. म्हणून ऑडिटर आकड्यानंतर लेखी पद्धत उघडतो. तिथे ट्रेमध्ये पसरायचं असं लिहिलं आहे का? लिहिलं असेल, तर स्वयंपाकघरात तेवढे ट्रे आहेत का? आठ ट्रे लागत असताना रॅकवर तीनच असतील, तर लेखी पद्धत कधी पाळलीच गेली नव्हती हे कागद न बोलताही कळतं.

आता रजिस्टरचा शेवटचा रकाना, ‘सुधारात्मक कृती’. त्या मंगळवारी 34 या आकड्यासमोर लिहिलं आहे: ‘भात टाकून दिला.’ खाली सुपरवायझरची सही आहे. मर्यादा ओलांडली गेली, ती लिहिली गेली आणि कारवाई झाली. अनेक उमेदवार इथे समाधान मानून पुढे जातात. कागद एकटा पाहिला तर त्यात खोट नाहीच.

चौथा प्रश्न इथून सुरू होतो: हे खरं आहे हे कशावरून?

ऑडिटर तीन रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवतो. वाया गेलेल्या अन्नाच्या रजिस्टरमध्ये मंगळवारी संध्याकाळी भाताची नोंद नाही. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये सकाळी तांदूळ दिल्याची नोंद आहे, दुपारनंतर काहीच दिलेलं नाही. आणि डिस्पॅच रजिस्टर सांगतं की रात्री साडेनऊला एका कारखान्याकडे दोनशे ताटं फ्राइड राइस गेला. एका ताटात दोनशे ग्रॅम भात धरला तर दोनशे ताटांना चाळीस किलो भात लागतो. नवा भात शिजवायचा म्हटलं तरी पंधरा किलोच्या आसपास तांदूळ लागला असता आणि तो स्टोअरमधून निघालेला नाही. टाकून दिलेला चाळीस किलो भात आणि पाठवलेला चाळीस किलो भात एकच होता.

या उत्तराला पूर्ण गुण मिळतात ते हिशेबामुळे. आत आलेला माल, वापरलेला, वाया गेलेला आणि बाहेर गेलेला यांची बेरीज जुळायला हवी. परवान्याच्या अटींतच उत्पादन, वापरलेला कच्चा माल आणि विक्री यांच्या रोजच्या नोंदी ठेवायला सांगितलं आहे. पुष्कळ मालक तिला कराच्या कामाची अट समजतात, पण अन्नसुरक्षेच्या ऑडिटमध्ये खोटी नोंद पकडण्याचं याहून चांगलं साधन नाही. तापमानाचा आकडा मनाने लिहिता येतो. तांदूळ, ट्रे, गाडी आणि ताटं यांचे आकडे चार वेगवेगळे लोक चार ठिकाणी लिहितात, आणि चौघांना एकाच खोट्यात सामील करणं अवघड असतं.

पाचवा प्रश्न कोल्ड रूमचा. महिनाभराचा तक्ता आहे, दिवसाला तीन नोंदी, आणि प्रत्येक ठिकाणी 4.0. शाई एकच, अक्षर एकच. मर्यादा 5 अंशांची आहे, म्हणजे एकही नोंद चुकीची नाही. यावर ऑडिटरने काय म्हणावं?

चालू स्वयंपाकघराची कोल्ड रूम दिवसभर 4.0 वर राहत नाही. दुपारी माल येतो, दार उघडं राहतं, वीज जाते, आतल्या पंख्यावर बर्फ चढतो. खऱ्या तक्त्यात 3.2 असतं, 4.6 असतं, एखाद्या दुपारी 7 सुद्धा असतं आणि त्यासमोर लिहिलेलं असतं की दार नीट लागलं नव्हतं, अर्ध्या तासात पुन्हा मोजलं, 4.4. असा 7 हा आकडा ऑडिटरला दोष वाटत नाही. कोणीतरी खरोखर आत जाऊन मोजतं आहे, याचा तो पुरावा असतो. सरळ रेषेतला 4.0 पाहिला की ऑडिटर त्याच महिन्यातला वीज गेल्याचा दिवस शोधतो, जनरेटरच्या डिझेलची नोंद पाहतो आणि त्या तासाला तक्त्यात काय लिहिलं आहे ते वाचतो. शिवाय प्रोब थर्मामीटर घेऊन स्वतः कोल्ड रूममध्ये जातो.

खोट्या नोंदींची किंमत किती असते हे वेल्सने 2005 साली पाहिलं. दक्षिण वेल्समध्ये सप्टेंबरात ई. कोलाय ओ157ची साथ आली. 157 जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुलं होती आणि 44 शाळांना तिची झळ पोचली. पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. शाळांना शिजवलेलं मांस पुरवणारी जॉन ट्यूडर अँड सन ही कंपनी कच्चं आणि शिजवलेलं मांस एकाच व्हॅक्यूम पॅकिंग यंत्रावर बांधत होती. कंपनीच्या विल्यम ट्यूडरला 2007 मध्ये वर्षभराची शिक्षा झाली. जिवाणुशास्त्रज्ञ ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशीचा अहवाल 2009 मध्ये आला. ट्यूडरने महत्त्वाच्या नोंदी खोट्या लिहिल्या आणि निरीक्षकांशी खोटं बोलला, असं त्यात नमूद आहे. निरीक्षकही तिथे जाऊन आले होते. कागद पाहून परतणारा निरीक्षक आणि कागद यंत्राशेजारी नेऊन ताडून पाहणारा निरीक्षक यांच्यातलं अंतर त्या मुलांच्या पालकांना कायमचं कळलं.

सहावा प्रश्न छोटा, पण पुणे परिसरातल्या परीक्षार्थींना हटकून अडकवणारा. थर्मामीटर तपासायला तो उकळत्या पाण्यात धरला. त्याने 98 अंश दाखवले. तो बिघडला आहे का?

नाही. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांवर उकळतं, पुणे-चाकणच्या उंचीवर ते साधारण 98 वर उकळतं. मुंबईत हाच थर्मामीटर 98 दाखवील तर त्याची दखल घ्यायला हवी. चाकणला 100 दाखवील तर तोच संशयास्पद. बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात मात्र दोन्हीकडे शून्यच यायला हवं, म्हणून रोजच्या तपासणीला बर्फ बरा. ऑडिटर कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रात आधी उपकरणाचा क्रमांक पाहतो आणि तोच क्रमांक आचाऱ्याच्या हातातल्या थर्मामीटरवर आहे का ते ताडतो. फाइलमध्ये एकाचं प्रमाणपत्र आणि हातात दुसराच थर्मामीटर, असं वरचेवर सापडतं. मग त्या महिन्याभराच्या सगळ्या तापमानांचा आधारच जातो.

सातवा प्रश्न माणसांचा आहे, आणि प्रशिक्षणाची फाइल इथे उघडते. या स्वयंपाकघरात साठ जण अन्न हाताळतात. फोस्टॅकचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असलेले किती सुपरवायझर हवेत?

दर पंचवीस जणांमागे किंवा त्यांच्या भागामागे एक, म्हणून तीन. दोन लिहिणारे वरचे दहा जण विसरतात. पण आकड्याने प्रश्न संपत नाही. तिघांतले दोघं एकाच दिवसपाळीत असतील तर रात्री कोण असतं? भात रात्रीच परतला जातो.

प्रमाणपत्र सुपरवायझरचं. बाकीच्या माणसांना कंपनीने स्वतः शिकवायचं आणि त्याची नोंद ठेवायची असते. चांगल्या नोंदीत तारीख, विषय, किती वेळ, कोणी शिकवलं, कोणत्या भाषेत, हजर असलेल्यांच्या सह्या आणि शेवटी त्यांना समजलं का हे कसं तपासलं, एवढं असतं. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी गळतात. चाकणच्या स्वयंपाकघरांत बिहार, ओडिशा, बंगाल, मराठवाडा अशा सगळीकडची माणसं असतात. इंग्रजी स्लाइड दाखवून साठ सह्या घेतल्या, तर साठ जण खोलीत बसले होते एवढंच सिद्ध होतं.

आता पुन्हा तो मंगळवार. भाताची नोंद करणाऱ्या मदतनिसाचं नाव रजिस्टरवर आहे. ऑडिटर प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये ते शोधतो. ‘शिजलेलं अन्न थंड करणे’ या विषयाच्या वर्गाला त्याची सही आहे, तारीख 14. मग तो त्या महिन्याचा हजेरीपट मागतो. 14 तारखेला हा मदतनीस रजेवर आहे.

यापुढे कागद बाजूला ठेवून ऑडिटर त्या मदतनिसाला भेटतो. विचारतो ते साध्या शब्दांत: भात ठेवल्यावर दोन तासांनी थर्मामीटर किती दाखवायला हवा? आणि जास्त दाखवला तर काय करायचं? मदतनीस गप्प राहिला, तर तो त्याचा दोष म्हणून अहवालात जाऊ नये. हे परीक्षेतही तपासलं जायला हवं. निष्कर्ष लिहायचा तो असा: अन्न थंड करण्याचं काम प्रशिक्षण न दिलेल्या माणसाकडे होतं, प्रशिक्षणाची नोंद हजेरीपटाशी जुळत नाही, मर्यादेबाहेरचा भात टाकल्याची नोंद स्टोअर आणि डिस्पॅचच्या नोंदींशी विसंगत आहे, आणि तो वाढला गेल्याचं दिसतं. तारीख, रजिस्टरचं नाव, आकडा. मदतनिसाचं नाव नको. ‘नोंदी समाधानकारक नाहीत’ असं मोघम वाक्य लिहिणाऱ्या उमेदवाराला अर्धे गुणही देऊ नयेत, कारण त्यावरून स्वयंपाकघराला उद्या काय दुरुस्त करायचं ते कळत नाही.

वैद्यकीय तपासणीची फाइल याच जोडीला येते. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी आणि नोंदणीकृत डॉक्टरची सही असलेलं प्रमाणपत्र हवं, टायफॉइडसारख्या आतड्याच्या रोगांच्या लसीची नोंद हवी. साठ प्रमाणपत्रं एकाच दिवशीची आणि सगळी एकसारखी दिसली तर ऑडिटर डॉक्टरांना फोन करू शकतो. कंत्राटी माणसं महिन्याला बदलतात, तेव्हा हजेरीपटावरचं प्रत्येक नाव या फाइलमध्ये आहे का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

शेवटचा प्रश्न कागद किती काळ ठेवायचे याचा. त्या रात्रीचा फ्राइड राइस काही तासांत संपतो, तर त्याचे कागद आठवड्याने फाडले तर चालतील का? नाही. चेकलिस्ट सांगते, नोंदी एक वर्ष किंवा पदार्थाच्या टिकण्याच्या काळाइतक्या, यांतला जो काळ जास्त असेल तितक्या ठेवायच्या. भाताला वर्ष, आणि अठरा महिने टिकणाऱ्या लोणच्याला अठरा महिने. आणि हा मुद्दा तारांकित आहे.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही, पण जे रोज कँटीनमध्ये जेवतात त्यांनाही या कागदांवर बोलता येतं. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948च्या कलम 46 नुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीन ठेवायला लावता येत होतं, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूदही तिथे होती. त्या प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत जेवणाच्या चवीबरोबर एक मागणी करावी: गेल्या महिन्यातली एक तारीख आम्ही सांगतो, त्या दिवसाचं थंड करण्याचं रजिस्टर, स्टोअरचं रजिस्टर आणि गाडीसोबत आलेलं चलन घेऊन या.